स्वयंपाकघरातलं यंत्र वाय-फायला का जुळत नाही?

मागच्या भागात आपण घरातला राउटर कुठे ठेवावा याबद्दल बोललो होतो. तो भाग पाहून अनेकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. कुणाचा एअर फ्रायर, कुणाचा राइस कुकर, कुणाची चिमणी. यंत्र नवं, वाय-फाय उत्तम, मोबाइलवर व्हिडिओ झक्क चालतो, पण ॲप मात्र यंत्राला शोधत बसतं आणि शेवटी ‘जोडता आलं नाही’ असं सांगून मोकळं होतं. आज मी तुम्हाला एका घरात नेणार आहे. तिथे या दुखण्याची तिन्ही कारणं एकाच यंत्रात एकामागून एक सापडली.

मी बेंगळुरूला व्हाइटफील्डमध्ये राहतो आणि नेटवर्कचं काम करतो. आमच्याच सोसायटीत, शेजारच्या इमारतीत एक काकू राहतात. मूळच्या बेळगावच्या, आता मुलाकडे असतात. वय बहात्तर. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाल्यामुळे त्यांना समोरचं धूसर दिसतं. कडेचं दिसतं, पण अक्षरं वाचता येत नाहीत. मुलगा आणि सून दिवसभर ऑफिसात. काकूंना गॅससमोर एकटं उभं राहायची भीती वाटते, आणि डब्यातलं गार जेवण त्यांना नको असतं.

सोसायटीतलं एक कुटुंब परदेशी निघालं होतं, त्यांच्याकडून मुलानं वाय-फायचा एअर फ्रायर विकत घेतला. यंत्राच्या तोंडावर गुळगुळीत काच. उठावाचं एकही बटण नाही. ज्याला दिसतं त्याला ती काच शोभिवंत वाटेल, काकूंना ती नुसती काळी पाटी. पण त्यांच्या मोबाइलवर अक्षरं मोठी केलेली आहेत आणि बोट ठेवलं की फोन वाचून दाखवतो. म्हणजे ॲप जुळलं तर फ्रायर काकूंचा, नाही जुळलं तर तो ओट्यावरचा शोभेचा डबा. एवढ्यासाठी हे जुळणं महत्त्वाचं होतं.

रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा मुलगा वैतागला होता. शनिवारी रात्री त्यानं फ्रायर सात-आठ वेळा रिसेट केला होता. तरी जमेना म्हणून राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून तोही रिसेट केला. झालं, घरातलं इंटरनेटच गेलं! राउटरला कंपनीनं दिलेलं जोडणीचं नाव आणि पासवर्ड पुसले गेले होते. ते पुन्हा भरायला कंपनीचा माणूस सकाळी येऊन गेला होता. काकू मला म्हणाल्या, “अरे बाबा, त्या फ्रायरच्या नादात माझं बेळगावच्या बहिणीशी बोलणंपण बंद झालं की.”

इथे पहिली गोष्ट लक्षात ठेवा. राउटरच्या मागचं ते भोक स्वयंपाकघरातल्या यंत्रासाठी कधीच दाबायचं नाही. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करणं वेगळं आणि रिसेट करणं वेगळं. पहिल्यात काही पुसलं जात नाही, दुसऱ्यात सगळं पुसलं जातं.

आता कामाला लागू. मी आधी काकूंचा फोन कोणत्या वाय-फायवर आहे ते पाहिलं. त्यांच्या घरात एकच नाव दिसत होतं. पण हल्लीचे बहुतेक राउटर एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या रेडिओ पट्ट्यांवर बोलतात: एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्झची. कोणत्या फोनला कुठली पट्टी द्यायची ते राउटर आणि फोन आपसात ठरवतात. फोन जवळ असेल तर त्याला सहसा वेगवान ५ गिगाहर्ट्झ मिळते. मी वाय-फायच्या नावावर बोट ठेवून तपशील उघडला, तिथे 5 GHz असं लिहिलेलं होतं.

मुलगा म्हणाला, “पण आमचा फोन तर फाइव्ह-जी आहे, मग तेच बरोबर नाही का?” हा गोंधळ घरोघरी असतो, म्हणून सांगतो. मोबाइलचं फाइव्ह-जी म्हणजे मोबाइल टॉवरच्या तंत्राची पाचवी पिढी. वाय-फायच्या नावामागे लागलेलं 5G म्हणजे पाच गिगाहर्ट्झची पट्टी. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

स्वयंपाकघरातल्या यंत्रांना मात्र बहुतेक करून २.४ गिगाहर्ट्झच कळते. कारण सोपं आहे. या यंत्रांच्या पोटात वाय-फायची एक लहानशी स्वस्त चिप असते. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीनं २०१४च्या सुमारास ईएसपी८२६६ नावाची अशी चिप बाजारात आणली आणि तिच्यामुळे बल्बपासून कुकरपर्यंत सगळ्यांना वाय-फाय बसवणं परवडू लागलं. ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, आणि तशाच इतरही कित्येक चिप्स आहेत. फ्रायरला ‘१८० अंश, १५ मिनिटं’ एवढाच निरोप घ्यायचा असतो. त्याला वेग नको, पोच हवी. म्हणून बनवणारे दुसऱ्या पट्टीचा खर्च करत नाहीत.

मग फोन ५ गिगाहर्ट्झवर असला तर बिघडतं काय? जोडणीची एक पद्धत अशी असते की फ्रायरचा वाय-फायचा दिवा भरभर लुकलुकतो आणि तो हवेत कान देऊन बसतो. फोन त्याच्या वाय-फायवरून नाव आणि पासवर्ड खुणेच्या भाषेत पाठवत राहतो. पण फोन बोलतो ५ गिगाहर्ट्झवर आणि फ्रायर ऐकतो २.४ वर. एकानं आकाशवाणीवर बोलावं आणि दुसऱ्यानं भलतंच स्टेशन लावून बसावं, तसं. ॲपवरचा आकडा वाढत जातो, मध्येच अडकतो आणि वेळ संपते. फ्रायर बिघडलेला नसतो, त्याला काही ऐकूच आलेलं नसतं.

दुरुस्ती अशी केली. फोनच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला. तो राउटरच्या तळाच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, बहुधा असा:

```
192.168.1.1
```

आत गेल्यावर वाय-फायच्या पानावर Band Steering किंवा Smart Connect अशा नावाची कळ असते. तीच दोन्ही पट्ट्यांना एका नावाखाली बांधते. ती बंद केली आणि २.४च्या पट्टीला वेगळं नाव दिलं. त्याच पानावर आणखी एक गोष्ट तपासली. सुरक्षेचा प्रकार फक्त WPA3 असेल तर जुन्या चिप्सना तो समजत नाही. तिथे WPA2 किंवा दोन्ही मिळून असलेला पर्याय लागतो. काकूंच्या घरी तो आधीच बरोबर होता. मग फोन नव्या नावाला जोडला आणि पुन्हा प्रयत्न केला.

तुमच्या राउटरमध्ये कंपनीनं ही पानं कुलूपबंद ठेवली असतील तर दुसरा रस्ता आहे. बऱ्याच यंत्रांत दिवा सावकाश लुकलुकण्याची दुसरी रीत असते. तीत यंत्र स्वतःच एक छोटं वाय-फाय तयार करतं, तुम्ही फोन त्याला जोडता आणि घरच्या वाय-फायचं नाव-पासवर्ड थेट त्याच्या हातात देता. अशा वेळी फोन ‘इथे इंटरनेट नाही’ म्हणून कुरकुर करतो आणि गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. म्हणून तेवढा वेळ मोबाइल डेटा बंद ठेवायचा आणि ‘तरीही जोडलेलं राहू दे’ असं फोनला सांगायचं.

तर, पहिला अडसर गेला. ॲपवर ‘यंत्र सापडलं’ अशी खूण आली. मुलगा खूश झाला. पण पुढच्या पायरीवर गाडी पुन्हा अडली. तीनदा प्रयत्न केला. एकदा अर्ध्यावर थांबली, एकदा जुळली आणि मिनिटभरात ‘ऑफलाइन’ झाली, एकदा मुळीच नाही.

मंडळी, इथे लक्षणं ओळखायला शिका. पट्टी चुकलेली असेल तर यंत्र दर वेळी, त्याच पायरीवर, ठरल्यासारखं नापास होतं. कधी जुळतं, कधी सुटतं, असं होत असेल तर संशय सिग्नलच्या ताकदीवर घ्यायचा.

ताकद मोजायची कशी? फोनवरच्या पंख्यासारख्या रेघांवर जाऊ नका, त्या फार ढोबळ असतात. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं एखादं फुकट ॲप घ्या. ते डीबीएम नावाच्या मापात उणे आकडा दाखवतं. शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल जोरदार. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत काम नीट चालतं, उणे ७५ च्या पलीकडे तुटक होतं आणि उणे ८०ला या छोट्या चिप्स बहुधा हात टेकतात. या मापाची एक गंमत आहे: तीनचा फरक म्हणजे ताकद निम्मी, आणि दहाचा फरक म्हणजे ताकद दहावा हिस्सा.

मी राउटरपासून फ्रायरपर्यंत चालत गेलो. काकूंच्या घरात राउटर दाराजवळच्या भिंतीतल्या पत्र्याच्या पेटीत होता. आमच्याकडच्या नव्या इमारतींत फायबरची तार तिथेच आणून सोडतात, आणि बसवणारा माणूस राउटर त्यातच कोंबून झाकण लावून जातो. पेटीसमोर उणे ४८, हॉलमध्ये उणे ५९, स्वयंपाकघराच्या दारात उणे ७०, आणि ओट्याच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या मागे जिथे फ्रायर बसला होता, तिथे उणे ७८. फोन तिथेही व्हिडिओ दाखवत होता, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. पण फोनचा अँटेना चांगला असतो. फ्रायरचा अँटेना म्हणजे चिपच्या पट्टीवरची नखाएवढी वळणदार रेघ, आणि तिच्या शेजारी पोलादी भांडं. फोनला उणे ७८ ऐकू येतं तिथे फ्रायरला त्याहूनही कमी येणार.

भिंतींचाही यात वाटा असतो. पूर्वीच्या इमारतींत खांब काँक्रीटचे आणि मधल्या भिंती विटांच्या असत. आता उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंतीसकट सगळं काँक्रीट एकदम ओततात. बांधकामवाले त्याला ‘मिवान’ म्हणतात. अशा भिंतीत सळया असतात आणि ती विटेच्या भिंतीपेक्षा रेडिओलहरी जास्त गिळते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४च्या मानाने अशा भिंतींत आणखी लवकर दमतात. राउटर मुंबईत असो, पुण्यात असो की व्हाइटफील्डमध्ये, मधे अशी भिंत आणि तिच्यापुढे फ्रिज आला की हिशोब बिघडतो.

आम्ही दोनच गोष्टी केल्या. राउटर पत्र्याच्या पेटीतून बाहेर काढून बुटांच्या कपाटावर ठेवला. पेटीतली तार तेवढी लांब होती. आणि फ्रायर फ्रिजच्या आडोशातून काढून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, दारातून दिसेल असा ठेवला. तिथे पंधरा ॲम्पिअरचं सॉकेट होतं हे आधी पाहून घेतलं, कारण फ्रायरला एक्स्टेंशन बोर्डावर चालवायचं नाही. आकडा उणे ७८ वरून उणे ६२ वर आला. सोळाचा फरक, म्हणजे ताकद सुमारे चाळीस पट. नवा राउटर नाही, रिपीटर नाही, एक रुपया खर्च नाही.

आणखी एक खबरदारी घेतली. सून तेव्हा मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करायला निघाली होती, तिला म्हटलं पाच मिनिटं थांबा. मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे नेमका याच पट्टीच्या मध्यावर. त्यातून थोडा रेडिओ गोंगाट बाहेर येतो. माणसाला त्याचा त्रास नसतो, पण शेजारच्या अशक्त सिग्नलला तो बुडवू शकतो. जोडणी चालू असताना मायक्रोवेव्ह बंद असलेला बरा.

आता ॲप झरझर शेवटच्या पायरीवर गेलं, आणि तिथे नवाच निरोप आला: हे यंत्र दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे. मुलगा म्हणाला, “पण मी इतक्या वेळा रिसेट केलं ना!”

इथे आपण तिसऱ्या मुद्द्यावर आलो. रिसेटनं नक्की काय पुसलं जातं? बटण पाच-दहा सेकंद दाबलं की यंत्र आपल्या पोटातली वाय-फायची माहिती, म्हणजे नाव आणि पासवर्ड, विसरतं. दिवा भरभर लुकलुकू लागला की समजायचं, रिसेट झालं. पण यंत्र कुणाचं आहे याची नोंद यंत्रात नसते. ती कंपनीच्या सर्व्हरवर, पहिल्या मालकाच्या खात्यात असते. काही कंपन्यांची यंत्रं रिसेट होऊन नव्यानं जोडली की जुनी नोंद आपोआप सुटते. काही कंपन्या मात्र मुद्दाम तसं करत नाहीत, नाहीतर चोरानं यंत्र उचलून नेलं आणि बटण दाबलं की ते त्याचं व्हायचं. अशा यंत्राला तुम्ही शंभर वेळा रिसेट केलंत तरी सर्व्हरचं उत्तर बदलत नाही. घर विकत घेतलं, किल्ली हातात आली, पण सात-बारावर अजून जुनंच नाव आहे, अशी ही गत.

आणि हे उलट बाजूनंही पाहा. समजा यंत्र रिसेट न करता कुणी तसंच दिलं आणि घेणाऱ्याच्या वाय-फायचं नाव-पासवर्ड योगायोगानं तेच असलं, किंवा भाड्याच्या घरात यंत्र आणि राउटर दोन्ही तसेच राहिले, तर जुन्या माणसाच्या फोनवर ते यंत्र अजूनही दिसत असतं. तापणारी वस्तू आपल्या ओट्यावर आणि तिची कळ परक्याच्या खिशात! म्हणूनच बऱ्याच फ्रायरमध्ये ॲपनं कितीही हुकूम दिला तरी यंत्रावरचं बटण एकदा दाबल्याशिवाय तापायला सुरुवात होत नाही. तशी सोय असेल तर ती बंद करू नका.

मुलानं त्या परदेशी गेलेल्या कुटुंबाला निरोप पाठवला. त्यांनी त्यांच्या ॲपमध्ये फ्रायरचं पान उघडून यंत्र काढून टाकायचा पर्याय निवडला. तिथे दोन पर्याय होते, नुसतं काढणं आणि माहितीसकट पुसून काढणं. त्यांना दुसरा निवडायला सांगितलं. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. आम्ही फ्रायर एकदा, फक्त एकदाच, रिसेट केला, दिवा भरभर लुकलुकला, आणि पाऊण मिनिटात तो काकूंच्या खात्यात आला.

म्हणून माझं म्हणणं असं की रिसेट हा पहिला उपाय नव्हे, शेवटचा. पट्टी चुकलेली असताना रिसेट केलं तर काही बदलत नाही. सिग्नल दुबळा असताना केलं तर जी थोडीफार जोडणी झाली होती तीही जाते. आणि खातं दुसऱ्याचं असताना केलं तर नुसता वेळ जातो. आधी फोनची पट्टी पाहा, मग यंत्राच्या जागेवरचा आकडा पाहा, मग खातं कुणाचं ते विचारा, आणि त्यानंतर बटणाला हात लावा.

दोष राउटरकडे आहे की यंत्रातच, हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. घरातल्या दुसऱ्या फोनवर हॉटस्पॉट चालू करा आणि त्याच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडा. आयफोनवर या पर्यायाचं नाव Maximize Compatibility असं आहे. तो फोन यंत्राशेजारी ठेवा आणि आपल्या फोनवरच्या ॲपमधून यंत्र त्या हॉटस्पॉटला जोडून पाहा. जुळलं तर यंत्र ठणठणीत आहे, दोष राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा अंतरात. खातं मोकळं आहे, सिग्नल शेजारीच आहे, आणि तरीही जुळत नाही, तर मात्र यंत्राच्या चिपमध्ये दोष असू शकतो. मग वॉरंटीचा कागद शोधा. ही परीक्षा करून गेलात की दुकानदार तुम्हाला ‘तुमचं वाय-फाय खराब असेल’ म्हणून परत पाठवू शकत नाही.

पुढच्या बुधवारी दुपारी काकूंचा फोन आला. त्यांनी स्वतः रताळ्याच्या काचऱ्या केल्या होत्या. फोननं ‘१८० अंश’ असं वाचून दाखवलं, त्यांनी मिनिटं सांगितली, फ्रायरवरचं चालू करायचं बटण सापडावं म्हणून सुनेनं तिथे एक खडबडीत टिकली चिकटवून दिली होती, ती चाचपून दाबली. मी विचारलं, “काकू, जमल्या का?” म्हणाल्या, “थोड्या करपल्या बघ. पण गरम हायत, आणि माझ्या मी केल्यात.”

तर मंडळी, तुमचं यंत्र जुळत नसेल तर ते कुठल्या पायरीवर अडतं आणि दर वेळी तिथेच अडतं की कधी कधी, एवढं नीट पाहून लिहून ठेवा. निम्मं उत्तर त्यातच मिळेल. आणि आपलं जुनं यंत्र कुणाला देणार असाल तर खोक्यात भरण्याआधी आपल्या ॲपमधून ते काढून टाका. घेणाऱ्याचा एक रविवार वाचेल. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.